दमट हवेतलं कपाट: लाकूड कुठे, प्लाय कुठे, बोर्ड कुठे

मालवणजवळच्या एका घरी कपाट बघायला गेलो होतो. दोन पावसाळे झालेलं, ऑनलाइन मागवलेलं, पांढरंशुभ्र. वरून अजून नवंच दिसत होतं. खाली वाकून बघितलं तर बाजूच्या फळीचा तळ पावाच्या लादीसारखा फुगलेला, एजबँडची पट्टी सुटून बाहेर आलेली आणि आत बोट घातलं तर भुसा. माझ्याबरोबर आमचे जुने मेस्त्री होते. त्यांनी तळाला नख लावलं आणि म्हणाले, "ह्यां कपाट न्हय, बिस्कीट आसा."

घरातल्या काकूंचं म्हणणं होतं की आता सगळं सागवानात करून टाका, कटकट नको. त्यांच्या मुलाला मरीन प्लाय हवा होता, कारण नावातच मरीन आहे. दोघंही अर्धे बरोबर होते. किनारपट्टीवर कपाट कशाचं करायचं याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण एका कपाटाच्या सगळ्या भागांवर पाण्याचा मारा सारखा नसतो. तळ, पाठ, दार आणि आतली फळी या चार जागा चार वेगवेगळ्या कारणांनी खराब होतात. म्हणून आधी जागा बघायची, मग माल ठरवायचा. त्याच क्रमाने सांगतो.

पहिलं काम: भिंत बघा

कोकणातली बरीच घरं चिऱ्याची. चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा सच्छिद्र. पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींवर पाऊस आडवा आपटतो. बाहेरून गिलावा धड नसेल तर ऑगस्टपर्यंत ती भिंत आतून ओली असते, भले हाताला कोरडी लागो.

खात्री करायला एक सोपा उपाय आहे. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा जाड तुकडा भिंतीवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला ओलसरपणा असेल, तर भिंतीचा दोष नाही, खोलीची हवाच दमट आहे. या दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्या प्रकारात त्या भिंतीला कपाट लावायचंच नाही, किंवा आधी भिंत बाहेरून दुरुस्त करायची. तिथे कुठलाही माल टिकणार नाही. दुसऱ्या प्रकारात कपाट भिंतीपासून दोन इंच सुटं ठेवलं आणि मागून वारा खेळता राहिला की बरंचसं काम होतं. ही चाचणी पावसाळ्यात करायची असते. एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती गुणी दिसतात.

त्याच वेळी वाळवीही बघून घ्या. भिंतीच्या कोपऱ्यातून किंवा फरशीच्या सांध्यातून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली, तर आधी वाळवीचा बंदोबस्त. प्लाय असो की बोर्ड, वाळवीला सगळं चालतं. जुन्या सागवानाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, पण त्याच सागाच्या सालीलगतच्या फिकट लाकडाला लागते.

सागवान फुगतं, पण परत येतं

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, हे त्याचं आयुष्यभर चालू असतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहिली, तर ते १७-१८ टक्क्यांकडे जातं. कोकणातला मे आणि जुलै यांच्यातला फरक साधारण एवढा असतो.

हे पाणी आल्यावर फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. सागवानाचं गणित असं: पाणी एक टक्क्याने वाढलं की आडव्या कापाची फळी दर हजार मिलिमीटर रुंदीमागे साधारण १.८ मिलिमीटर वाढते. म्हणजे दोन फूट, सुमारे ६०० मिलिमीटर रुंद असं एकसंध सागवानी दार घ्या. सहा टक्के पाणी वाढलं तर ते साडेसहा मिलिमीटरने रुंद व्हायला बघणार. पॉलिश असेल तर हा वेग मंदावतो, दोन महिन्यांत पूर्ण फरक पडतही नाही, पण तीन-चार मिलिमीटर सहज पडतो. दाराच्या फटीत एवढी जागा नसते. म्हणून दार अडकतं. फळी चारही बाजूंनी खिळ्यांनी जखडलेली असेल तर ती कुठे जाणार? फुगते तेव्हा कुबड काढते आणि जानेवारीत आटते तेव्हा तडकते.

आजोबांच्या घरातलं फडताळ आठवून बघा. त्याचं दार एकसंध पाटाचं नसतं. बाहेर अरुंद चौकट, मध्ये दिलहे, म्हणजे पातळ फळ्या, आणि दिलहा चौकटीच्या खाचेत नुसता बसवलेला. ना खिळा, ना सरस. त्याला खाचेच्या आत फुगायला-आटायला जागा असते आणि चौकटीच्या पट्ट्या अरुंद असल्यामुळे दाराचं बाहेरचं माप फारसं हलत नाही. भरीव लाकडाचं दार करायचं तर आजही असंच करायचं. मेमध्ये काम चालू असेल तर दिलह्याच्या दोन्ही बाजूंना खाचेत तीन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडायची. भर पावसात काम चालू असेल तर जवळजवळ घट्ट बसवायचा, कारण तो आता मोठ्यात मोठा झालेला आहे. पॉलिश दिलहा बसवायच्या आधी मारायचं. नंतर मारलं तर हिवाळ्यात दिलहा आटतो आणि कडेला बिनपॉलिशची फिकट रेघ उघडी पडते.

लाकूड घेताना वखारीत ओल मोजायचं यंत्र मागा, किंवा मिस्त्र्याला आणायला सांगा. हल्ली बऱ्याच जणांकडे असतं. किनारपट्टीसाठी १२ ते १४ टक्के ठीक. १८-२०च्या वर असेल तर ते लाकूड ओलं आहे, वखारवाला काहीही सांगो. फळीच्या टोकाला यंत्र टेकवू नका. टोक आधी वाळतं, त्यामुळे आकडा खोटा येतो. मध्यावर टेकवा.

सगळं लाकूड म्हणजे सागवान नव्हे, हेही सांगून ठेवतो. शिवण हलकी असते आणि फार हलत नाही, दिलह्यांना उत्तम. फणसाचं लाकूड कोकणात पिढ्यान् पिढ्या वापरलंय, नीट वाळलेलं असेल तर कपाटाला छान. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण त्यांना भुंगा पटकन लागतो. औषध लावल्याशिवाय आत आणू नका. आवारातलं स्वतःचं सागाचं झाड पाडून कपाट करायचा बेत असेल तर वनविभागाची परवानगी लागते, आणि कापल्यावर इंचभर जाडीच्या फळीला सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वर्षभर तरी वाळायला ठेवावं लागतं. यंदा पाडून यंदाच कपाट होत नाही.

मग सगळं कपाट सागवानात का नाही? पैसा हे एक कारण. दुसरं असं की कपाटाच्या बाजूच्या फळ्या दोन फूट खोल असतात, आणि एवढी रुंदी भरीव लाकडात करायची तर चार-पाच पट्ट्या जोडाव्या लागतात. त्या हलतात. आतल्या ड्रॉवरच्या चॅनलला मिलिमीटरचा हिशेब लागतो, हलणारी बाजू तिथे चालत नाही. सागवान मला कपाटात दोनच जागी हवं असतं: दाराच्या चौकटीत, आणि प्लायच्या कडेला पट्टी म्हणून.

प्लाय: डिंक वॉटरप्रूफ, लाकूड नव्हे

प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे रेषे उभे तर पुढच्याचे आडवे, असे विषम संख्येत चिकटवलेले. एका थराला रुंदीत फुगायचं असतं तेव्हा शेजारचा थर त्याला लांबीतून धरून ठेवतो. म्हणून प्लायची दोन फुटी बाजू पावसाळ्यात जवळजवळ तेवढीच राहते. दमट हवेत प्लायला मान आहे तो यामुळे.

दुकानात तीन नावं ऐकायला मिळतील. एमआर, ज्याला कमर्शियलही म्हणतात, मधल्या प्रतीचा बीडब्ल्यूआर, आणि बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन. एमआरमधला एम ओलाव्याचा असला तरी तो साधारण दमटपणापुरता. त्यातला युरियाचा डिंक पाण्यात फार काळ तग धरत नाही. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०. त्यात फिनॉलचा डिंक असतो आणि त्याची परीक्षा म्हणजे प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत.

आता यातली गोम. ही परीक्षा डिंकाची आहे. पापुद्रे शेवटी लाकूडच आहेत, ते पाणी पितात. मरीन प्लायची उघडी कड रोज पोछ्याच्या पाण्यात बुडत असेल तर तीही काळी पडते, तिच्यावर बुरशी येते, वरचा सनमायका कडेने सुटतो. फक्त थर फाटत नाहीत. म्हणून "मरीन घेतलाय, आता काय चिंता" असं म्हणून कड उघडी ठेवणारा आणि एमआर प्लाय घेऊन कड बंद करणारा, यांत मी दुसऱ्याचं कपाट जास्त दिवस टिकलेलं बघितलंय. अर्थात दोन्ही केलं तर उत्तम.

शिक्का खरा आहे का हे कसं ओळखायचं? शीटवर आयएसआयची खूण, मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये परवाना क्रमांक टाकला की कंपनी आणि मानक दिसतं. ते शीटशी जुळलं पाहिजे. कड बघितली तर फिनॉलच्या डिंकाची रेघ गडद तपकिरी असते आणि युरियाची फिकट. पण रंग घालता येतो, त्यामुळे नुसत्या रेघेवर जाऊ नका. मी करतो ते असं: मोठी खरेदी असेल तर आधी एकच शीट आणतो, तिचा दोन इंची तुकडा कापतो आणि जुन्या पातेल्यात चार तास उकळतो. मग गार करून कडेतून पटाशीचं टोक घालून थर उचकटायचा प्रयत्न करतो. साधा एमआर एवढ्यातच पत्त्यांसारखा सुटतो. चांगल्या प्लायमध्ये डिंक सुटण्याआधी लाकूड फाटतं, पटाशीला लाकडाचे रेषे चिकटून येतात. चार तास म्हणजे ७२ तास नव्हेत, पण उघड खोटा माल यात पकडला जातो. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही, डिंकाचा अंश उतरलेला असतो.

लांब दारांसाठी प्लायपेक्षा ब्लॉकबोर्ड बरा. त्यात मध्ये लाकडाच्या पट्ट्या असतात, वजनाला हलका आणि सात फुटी उंचीत कमी वाकतो. तोही बीडब्ल्यूपीच घ्यायचा.

दार वाकण्याचं खरं कारण बहुतेक वेळा माल नसतोच. बाहेरून एक मिलिमीटरचा सनमायका आणि आतून नुसता रंग, असं केलं की बाहेरची बाजू ओल घेत नाही आणि आतली घेते. एक बाजू फुगते, दुसरी नाही, आणि दार धनुष्यासारखं वळतं. आतून लायनर लॅमिनेट लावायलाच हवा, ०.८ मिलिमीटरचा चालेल. इथे वाचवलेले पैसे पहिल्या ऑगस्टमध्ये वर येतात.

बोर्ड: जे फुगलं ते गेलं

बोर्ड म्हणजे पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि हल्लीचा एचडीएचएमआर. पहिल्यात लाकडाचे बारीक चुरे, बाकीच्या दोघांत लाकडाचा कापसासारखा लगदा. डिंक मिसळून गरम दाबाखाली चेपलेला. हे चेपणं महत्त्वाचं. आत प्रत्येक कण दाबून चपटा झालेला असतो आणि डिंकाने त्याला तसाच धरून ठेवलेलं असतं. पाणी आत गेलं की डिंकाची पकड ढिली होते आणि कण आपल्या मूळ आकारात उसळतात. वाळल्यावर पाणी जातं, पण कण पुन्हा चपटे कोण करणार? सागवान फुगून परत येतं. बोर्ड फुगला की तसाच राहतो, आणि त्या जागी स्क्रूही धरत नाही.

मी एकदा तिन्हींचे १८ मिलिमीटरचे, कडा उघड्या असलेले तुकडे बादलीत एक दिवस बुडवून ठेवले होते आणि व्हर्नियरने मोजले. साधा पार्टिकल बोर्ड कडेला २१ला पोचला, एमडीएफ २०च्या आसपास आणि एचडीएचएमआर १९च्याही आत राहिला. ही प्रयोगशाळा नव्हे, माझ्या अंगणातली बादली आहे. कंपनी बदलली की आकडे बदलतील. पण क्रम बहुधा हाच राहतो.

म्हणजे बोर्ड वापरायचाच नाही का? असं नाही. एचडीएचएमआर घट्ट आणि सपाट असतो, त्यावर रंग सुरेख बसतो, वरच्या मजल्यावरच्या आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाची दारं त्यात करायला माझी हरकत नसते. वजन मात्र जास्त असतं, सात फुटी दाराला एखादी बिजागरी वाढवावी लागते. भाड्याच्या घरात तीन-चार वर्षांसाठी कपाट हवं असेल तर पार्टिकल बोर्डाचं तयार कपाटही चालेल, पण जोडण्याआधी अर्धा तास द्या.

तो अर्धा तास असा घालवायचा. प्रत्येक फळी उलटीपालटी करून तिच्या चारही कडा बघा. समोरची कड पट्टीने सुंदर बंद केलेली असते, आणि जमिनीवर टेकणारी खालची कड पुष्कळदा उघडी, खरखरीत, बिस्किटासारखी. मालवणच्या त्या कपाटाचं नेमकं हेच झालं होतं. रोजच्या पोछ्याचं पाणी त्या उघड्या तळातून वर चढलं. अशा कडेला ऑइल पेंटचे दोन हात मारा, पहिला बोर्ड पिऊन टाकेल. बिजागरीच्या वाटीसाठी पाडलेलं गोल भोक, वायरीसाठीचं भोक, मागच्या फळीची खाच, सगळीकडे ब्रश फिरवा. मग तळाला प्लास्टिकचे पाय लावून कपाट जमिनीपासून निदान दोन-तीन इंच उचला.

फळी किती लांब असावी

कपाटापेक्षा पुस्तकांच्या मांडणीत लोक जास्त फसतात. फळी वाकते, आणि माणूस म्हणतो माल खराब निघाला. माल खराब नसतो, फळी लांब असते.

तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाड अशी फळी घ्या, दोन्ही टोकांना नुसती टेकलेली. तिच्यावर पुस्तकं ठासून भरली तर सत्तावीस-अठ्ठावीस किलो होतात. हिशेब केला तर मध्यावर सागवान पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास खाली येतं, प्लाय अडीच ते तीन, एमडीएफ साडेपाच-सहा आणि पार्टिकल बोर्ड पावणेआठ. हा झाला पहिल्या दिवसाचा आकडा. भार कायम राहिला की फळी हळूहळू आणखी बसते, आणि दमट हवेत बोर्ड सगळ्यांत जास्त बसतो. वर्षभरात दुप्पट वाकलेला बोर्ड मी कित्येकदा बघितलाय.

पण तीच पार्टिकल बोर्डाची फळी दोन फुटांची केली तर वाकणं दीड मिलिमीटरवर येतं, एकपंचमांश. लांबी थोडी कमी केली की वाकणं फार झपाट्याने कमी होतं. म्हणून पुस्तकांसाठी प्लायची फळी अडीच फुटांपर्यंत आणि बोर्डाची दोन फुटांपर्यंत ठेवा. लांब हवीच असेल तर समोरच्या कडेखाली दीड इंच उंचीची सागवानी पट्टी उभी लावा. ती फळीला कण्यासारखी धरते आणि कडही झाकली जाते. कपड्यांच्या घड्यांचा भार हलका, तिथे एवढं ताणायची गरज नाही.

काकूंच्या कपाटाचा हिशेब

शेवटी काकूंकडे काय केलं ते सांगतो. जागा सहा फूट रुंद, कपाट सात फूट उंच आणि दोन फूट खोल, दोन-दोन फुटांचे तीन खण. भिंत पश्चिमेची होती, प्लास्टिकच्या चाचणीत नापास. कपाट आतल्या भिंतीला हलवलं. काकू आठवडाभर रुसल्या, कारण आरसा आता खिडकीसमोर येत नव्हता.

सर्वांत खाली चार इंचांचा चौथरा, कडाप्प्याच्या पट्ट्यांचा. पोछ्याचं पाणी लागेल तर दगडाला लागू दे. दगड परवडत नसेल तर लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या डब्ल्यूपीसीच्या पट्ट्याही चालतात. त्या पाण्याला दाद देत नाहीत. पण डब्ल्यूपीसीच्या लांब फळ्या करू नका, वजनाखाली वाकतात आणि स्क्रू फारसा धरत नाहीत.

उभ्या बाजू चार, प्रत्येकी सात बाय दोन. इथे आठ बाय चारची शीट घेतली तर प्रत्येकीत एक फूट वाया जातो. सात बाय चारची शीट मागितली की एका शीटमध्ये दोन बाजू बसतात, करवतीची जाडी गेली की दोन फुटांना सूतभर कमी भरतं, तेवढंच. म्हणजे मरीनच्या १८ मिलिमीटरच्या दोन शीट. तळ आणि माथा सहा बाय दोनचे, दोन्ही एका आठ बाय चारमधून निघाले, तीही मरीनच. तिचा दोन बाय चारचा तुकडा उरला, त्यात दोन फळ्या झाल्या. बाकीच्या फळ्या दोन बाय दोनच्या, एका बीडब्ल्यूआरच्या आठ बाय चार शीटमध्ये आठ. फळ्यांना मरीन कशाला? त्या जमिनीपासून लांब, आतल्या, चहूबाजूंनी लॅमिनेट आणि पट्टीने बंद.

पाठीला सहा मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर प्लाय, दोन शीट. दुकानदार इथे हार्डबोर्ड सुचवतो. नको. पाठ ही भिंतीकडे तोंड करून बसते, तिच्याकडे कोणी बघत नाही आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पाठीच्या मागच्या बाजूलाही ऑइल प्रायमर मारला, आणि प्रत्येक खणात वर आणि खाली इंचभर व्यासाची तीन-तीन भोकं पाडून त्यांना प्लास्टिकच्या जाळ्या बसवल्या. मागे दोन इंचांची फट ठेवलीच होती, आता हवा आत-बाहेर जाते.

दारं तीन, ब्लॉकबोर्डाची, दोन शीटमधून. बाहेर सनमायका, आत लायनर, चारही कडांना सागवानी पट्टी. खालच्या कडेलासुद्धा, जी मिस्त्री लोक हमखास विसरतात. हाताने बोट फिरवून तपासा, वाकून बघायचा कंटाळा येतो. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेसचे, ३०४ म्हणून लिहिलेले. समुद्रापासून तीन-चार किलोमीटरांत साध्या बिजागरीवर दोन वर्षांत गंज दिसतो.

काकूंना सागवान हवं होतं ते मधल्या दाराला मिळालं: ब्लॉकबोर्डाऐवजी सागवानी चौकट आणि शिवणीचे तीन दिलहे. त्यामुळे ब्लॉकबोर्डाची एक अख्खी शीट उरली, तिचं त्यांनी देवघराच्या खालचं कपाट करून घेतलं.

पॉलिशचं काम मेमध्येच उरकलं. पाऊस सुरू झाल्यावर मेलामाइन मारलं तर हवेतली ओल त्यात अडकते आणि पॉलिशवर दुधी डाग येतात. जूनमध्ये काम अडकलंच तर कोरं लाकूड तसंच ठेवून दसऱ्यानंतर पॉलिश करावं. प्लायच्या शीटसुद्धा कामाच्या जागी भिंतीला टेकवून उभ्या ठेवायच्या नाहीत. जमिनीवर तीन लाकडी पट्ट्या टाकून त्यावर आडव्या, नाहीतर कापायच्या आधीच वाकतात.

पहिल्या पावसाळ्यात

कपाटात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काही शे रुपयांना मिळतो. आकडा ८०च्या वर दिवसेंदिवस राहिला की कातडी पट्टे आणि गडद कपड्यांवर बुरशी धरणार. कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या डब्या चांगल्या काम करतात, फक्त त्यांत साचणारं पाणी खारट असतं. ते फळीवर सांडलं तर बिजागऱ्या गंजतात आणि ती जागा सतत ओली राहते, म्हणून डबी खोलगट ताटलीत ठेवायची. उघडीप मिळाली की दारं दोन-तीन तास उघडी टाकायची. बाहेर धो धो कोसळत असताना उघडून काही मिळत नाही, उलट दमट हवा आत जाते.

आणि जुलैच्या अखेरीस काकूंचा फोन येतोच: मधलं दार अडकतंय, रंधा मारायला माणूस पाठवा. मी पाठवत नाही. बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून दार मिलिमीटरभर सरकवायला सांगतो आणि दिवाळीपर्यंत थांबवतो. जुलैत रंधा मारलेल्या दाराला जानेवारीत एवढी फट पडते की पाल आत-बाहेर करते.